वर्गाच्या सर्वेक्षणातून स्तंभालेख आणि वृत्तालेख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केंद्राच्या शिक्षण परिषदेत हा पाठ घेऊन दाखवल्यानंतर सहावी ते आठवीला गणित शिकवणारे शिक्षक, आणि अधूनमधून पालकही, जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवत राहिले, ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरांत एकच सर्वेक्षण वापरले आहे. जळगाव जिल्ह्यातील एका गावातल्या आमच्या शाळेत, सातवी 'अ'च्या ३६ मुलांना 'तुम्ही शाळेत कशाने येता?' असे विचारले होते. गावातली मुले पायी आणि सायकलने येतात, वाड्या-वस्त्यांवरची एस.टी.ने किंवा रिक्षाने येतात आणि काहींना घरचे मोटारसायकलवर सोडून जातात.

१. स्तंभालेख आणि वृत्तालेख यांत नेमका फरक काय?

स्तंभालेख 'किती' याचे उत्तर देतो आणि वृत्तालेख 'एकूणापैकी केवढा वाटा' याचे. सायकलने येणारी मुले ९ आहेत, हे स्तंभाच्या उंचीवरून थेट वाचता येते. तीच ९ मुले म्हणजे वर्गाचा चौथा हिस्सा आहे, हे वृत्तालेखातील काटकोन पाहताच लक्षात येते. त्यासाठी संख्या वाचावी लागत नाही. म्हणून एकाच माहितीचे दोन्ही आलेख शेजारी शेजारी काढून घेणे उपयोगाचे ठरते. मात्र प्रत्येक माहितीचा वृत्तालेख काढता येतोच असे नाही. तो अपवाद प्रश्न १४ मध्ये सविस्तर दिला आहे.

२. सर्वेक्षणासाठी प्रश्न कोणता घ्यावा?

प्रत्येक मुलाचे एकच उत्तर येईल आणि सर्व उत्तरे मिळून चार ते सहा गट होतील, असा प्रश्न घ्यावा. 'आवडता रंग' विचारला तर अकरा-बारा रंग येतात, निम्म्या रंगांना एकेकच मूल मिळते आणि वृत्तालेखात बारीक बारीक चिरफळ्या होतात. 'तुमच्या घरी भाऊ-बहिणी किती?' हा प्रश्न चालतो, पण त्याचे उत्तर संख्येत येत असल्याने मुले उत्तराची संख्या आणि मुलांची संख्या यांत गोंधळतात. पहिल्या सर्वेक्षणाला तो घेऊ नये.

आणखी एक गोष्ट अनुभवाने सांगतो. आमच्याकडे शेतीवर प्रश्न विचारण्याचा मोह होतो आणि मीही एका वर्षी 'तुमचे शेत किती बिघे?' असे विचारून बसलो. ज्यांचे आईवडील दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीने जातात, ती पाच-सहा मुले खाली मान घालून बसली. ज्या प्रश्नाच्या उत्तरात एखाद्याच्या नावापुढे भर वर्गात 'काही नाही' असे लिहावे लागते, तो प्रश्न फळ्यावर आणू नये.

३. एका मुलाची दोन उत्तरे येत असतील तर त्याला कोणत्या गटात घालावे?

हा प्रसंग हमखास येतो. आमच्या वर्गात एकाने उभे राहून अहिराणीत सांगितले, "फाटालगुन सायकल, मंग एस्टी." म्हणजे घरापासून फाट्यापर्यंत सायकल आणि तिथून पुढे एस.टी. अशा मुलाची दोन्हीकडे नोंद केली, तर एकूण संख्या ३७ होते आणि पुढे वृत्तालेखाच्या कोनांची बेरीज ३७० अंश येते. त्यामुळे नोंद सुरू करण्याआधीच नियम ठरवून फळ्यावर लिहावा. आम्ही 'ज्या साधनाने सर्वांत जास्त अंतर कापले जाते ते साधन' असा नियम केला आणि हा मुलगा एस.टी.च्या गटात गेला.

दुसरा नियम काळाचा. 'आज कशाने आलात?' आणि 'नेहमी कशाने येता?' हे दोन निराळे प्रश्न आहेत. बाजाराच्या दिवशी घरचे मोटारसायकलने गावात येतात, तेव्हा एरवी पायी येणारी दोन-तीन मुले त्यांच्या मागे बसून येतात. आम्ही 'नेहमी' हा शब्द घेतला आणि तो आलेखाच्या शीर्षकातही ठेवला.

४. माहिती गोळा करताना हात वर करायला सांगितले तर चालेल का?

चालते, पण बेरीज जुळत नाही. पहिल्या खेपेला आमची बेरीज ३९ आली होती, कारण काही मुलांनी मित्र पाहून पुन्हा हात वर केला. त्यापेक्षा प्रत्येकाने चिठ्ठीवर एकच शब्द लिहावा, चिठ्ठ्या एका डब्यात जमा कराव्यात आणि एका मुलाने त्या एकेक उघडून वाचत असताना दुसऱ्याने फळ्यावर ताळ्याच्या खुणा कराव्यात. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी रेघ त्यांच्यावर आडवी मारायची, म्हणजे पाच-पाचचे गठ्ठे मोजणे सोपे जाते. शेवटी सर्व गटांची बेरीज चिठ्ठ्यांच्या संख्येइतकी आली, तरच पुढे जावे.

आमची वारंवारता सारणी अशी तयार झाली. उंची आणि कोन हे दोन रकाने पुढच्या उत्तरांसाठी येथेच दिले आहेत.

| साधन | मुले | स्तंभाची उंची | केंद्रीय कोन |
|---|---|---|---|
| पायी | १४ | ७ सेमी | १४०° |
| सायकल | ९ | ४.५ सेमी | ९०° |
| एस.टी. | ७ | ३.५ सेमी | ७०° |
| मोटारसायकल | ४ | २ सेमी | ४०° |
| रिक्षा | २ | १ सेमी | २०° |
| एकूण | ३६ | | ३६०° |

५. उदाहरणाला ३६ मुलेच का घेतली? आमच्या वर्गात तर ३५ आहेत.

वर्तुळाच्या केंद्राभोवतीचा पूर्ण कोन ३६० अंशांचा असतो. ३६ मुले असली की प्रत्येक मुलाच्या वाट्याला बरोबर १० अंश येतात आणि आकडेमोडीत न अडकता कल्पना समजते. ३० मुले असतील तर प्रत्येकी १२ अंश, ४० असतील तर ९ आणि ४५ असतील तर ८ अंश. या संख्याही तितक्याच सोयीच्या आहेत. ३५ मुले असतील तर पहिल्या खेपेला शिक्षकांनी स्वतःचीही चिठ्ठी टाकावी आणि शीर्षकात 'शिक्षकांसह ३६ जण' असे लिहावे. संख्या सोयीची व्हावी म्हणून एखाद्या मुलाचे उत्तर गाळणे मात्र चुकीचे आहे, कारण माहिती आलेखासाठी बदलायची नसते हेच तर त्याला शिकायचे असते. सोयीची नसलेली संख्या कशी हाताळावी ते प्रश्न १२ मध्ये पाहावे.

६. स्तंभालेख कोणत्या क्रमाने काढून घ्यावा?

आलेख कागदावर, तो नसेल तर चौकटीच्या वहीत, खालच्या बाजूला आडवा अक्ष आणि डावीकडे उभा अक्ष आखून घ्यावा. दोन्ही अक्ष जेथे मिळतात तेथे शून्य लिहावे. आडव्या अक्षावर साधनांची नावे येतात आणि उभ्या अक्षावर मुलांची संख्या. स्तंभ काढायला लागण्याआधी दोन्ही अक्षांना नावे द्यायला लावावीत. हे शेवटी करू म्हटले की निम्म्या वह्यांत राहूनच जाते.

त्यानंतर प्रमाण ठरवून ते उजव्या कोपऱ्यात वर लिहावे: उभ्या अक्षावर १ सेमी = २ मुले. उभ्या अक्षावर प्रत्येक सेंटिमीटरला ०, २, ४, ६ असे १४ पर्यंत अंक लिहावेत. येथे एक चूक ठरलेली असते. मुले रेघेवर अंक लिहिण्याऐवजी दोन रेघांमधल्या चौकटीत लिहितात, आणि मग १४ चा स्तंभ नेमका कोणत्या रेघेपर्यंत न्यायचा हे त्यांनाच कळेनासे होते. अंक रेघेसमोर आले पाहिजेत, पट्टीवर असतात तसे.

आता आडव्या अक्षावर १ सेमी जागा सोडून १ सेमी रुंदीचा पहिला स्तंभ, पुन्हा १ सेमी जागा, मग दुसरा स्तंभ, अशी आखणी करावी. पाच स्तंभांना साधारण ११ सेमी लागतात, म्हणजे वहीच्या पानावर ते आरामात बसतात. सारणीतील उंचीप्रमाणे स्तंभ पूर्ण झाल्यावर शीर्षक लिहावे. 'स्तंभालेख' हे शीर्षक नव्हे. 'सातवी अ मधील ३६ मुले नेहमी शाळेत कशाने येतात' हे शीर्षक आहे.

७. प्रमाण कसे ठरवायचे? मुले नेहमी येथेच अडतात.

सर्वांत मोठी संख्या घ्यावी आणि कागदावर उंचीला किती जागा आहे ते पाहावे. आमची मोठी संख्या १४. १ सेमी = १ मूल असे घेतले, तर स्तंभ १४ सेमीचा होतो; तोही पानावर बसतो, पण शीर्षक आणि प्रमाण लिहायला जागा कमी पडते. १ सेमी = २ मुले घेतले, तर ७ सेमी पुरतात, आणि ९ किंवा ७ सारख्या विषम संख्यांसाठी अर्ध्या सेंटिमीटरवर खूण करावी लागते, जी आलेख कागदावर सहज सापडते. १ सेमी = ३ मुले हे प्रमाण गणिताच्या दृष्टीने चूक नाही, परंतु १४ साठी साडेचार सेमीच्या थोडे पुढे खूण करावी लागते आणि ती अंदाजानेच होते. म्हणून १, २, ५, १० आणि त्यांच्या दहापटी ही प्रमाणे वापरण्याची सवय लावावी.

८. सर्व स्तंभांची रुंदी सारखी का ठेवायची, आणि मध्ये जागा का सोडायची?

डोळा केवळ उंची पाहत नाही, तर रंगवलेली सगळी जागा पाहतो. रिक्षाचा स्तंभ दुप्पट रुंद काढला तर २ मुलांचा गट ४ मुलांच्या गटाइतका भरतो. मधली जागा हे गट एकमेकांपासून वेगळे असल्याचे दाखवते, कारण सायकल आणि एस.टी. यांच्या मध्ये काही येत नाही. 'शाळेत यायला किती मिनिटे लागतात?' असे विचारून ० ते १०, १० ते २० असे गट केले, तर ते एकाला एक लागून असतात आणि तेव्हा जो जोडलेल्या स्तंभांचा आलेख काढतात त्याला आयतालेख म्हणतात. तो या पाठाचा भाग नाही.

९. उभा अक्ष शून्यापासूनच सुरू केला पाहिजे का? वर्तमानपत्रात तर तसे नसते.

स्तंभालेखात शून्यापासूनच सुरू करावा. आमच्याच माहितीवर हे करून पाहता येते. सायकलने येणारे ९ आणि एस.टी.ने येणारे ७. अक्ष शून्यापासून असेल तर ४.५ सेमी आणि ३.५ सेमीचे स्तंभ येतात आणि फरक जेवढा आहे तेवढाच दिसतो. तोच अक्ष ६ पासून सुरू केला, तर ६ च्या वर सायकलचे ३ आणि एस.टी.चे १ एवढेच उरते. सायकलचा स्तंभ एस.टी.च्या तिप्पट उंच दिसतो. शिवाय मोटारसायकल आणि रिक्षा यांचे स्तंभ नाहीसेच होतात. फळ्यावर हे दोन्ही आलेख काढून मुलांना फक्त पाहायला सांगावे आणि 'सायकलवाले एस.टी.वाल्यांच्या कितीपट?' असे विचारावे. उत्तरे आपोआप दोन प्रकारची येतात. त्यानंतर वर्तमानपत्रातील एखादा आलेख आणून त्याचा उभा अक्ष कोठून सुरू होतो ते शोधायला द्यावे.

१०. वृत्तालेखाची कल्पना कोनमापक हातात देण्याआधी कशी समजावून द्यावी?

मैदानावर. हा भाग घाईने उरकू नये असे माझे मत आहे. ३६ मुलांना हात पसरून एका मोठ्या वर्तुळात उभे करावे. वर्तुळाची त्रिज्या साधारण आठ-साडेआठ मीटर होते. मध्यभागी खुंटी ठोकावी. मग एकाच साधनाने येणाऱ्यांना शेजारी शेजारी उभे राहायला सांगावे: आधी पायी येणारे १४, त्यांच्या पुढे सायकलवाले ९, असे ओळीने. जेथे एक गट संपून दुसरा सुरू होतो, तेथून खुंटीपर्यंत मैदान आखण्याच्या फक्कीने सरळ रेघ मारावी. पाच रेघा मारल्या की मैदानावर वृत्तालेख तयार होतो आणि मुले स्वतः त्यात उभी असतात.

आता सायकलवाल्यांच्या दोन रेघांमधला कोन विचारावा. बहुतेक जण 'काटकोन' म्हणतात. ३६ पैकी ९ म्हणजे एकचतुर्थांश, आणि वर्तुळाचा एकचतुर्थांश म्हणजे ९० अंश. हे आकडेमोडीआधीच पायाखाली दिसते. पावसाळ्यात मैदान ओले असेल, तर ३७ सेमी लांबीची कागदाची पट्टी घेऊन प्रत्येक मुलासाठी १ सेमी रंगवावा आणि उरलेला १ सेमी चिकटवायला ठेवून पट्टीचे कडे करावे. ते कडे वहीवर गोल ठेवून रंग बदलण्याच्या जागा टिपल्या की तेच चित्र मिळते.

११. कागदावर वृत्तालेख काढताना मुलांच्या चुका नेमक्या कोठे होतात?

सूत्र पाठ असूनही चुका होतात, कारण त्या बहुतेक हाताच्या असतात. सूत्र एवढेच आहे:

केंद्रीय कोन = (गटातील संख्या ÷ एकूण संख्या) × ३६०°

कंपासने ५ सेमी त्रिज्येचे वर्तुळ काढावे आणि केंद्रापासून सरळ वर जाणारी एक त्रिज्या आखावी. कोनमापकाचा मध्यबिंदू केंद्रावर आणि शून्याची रेघ त्या त्रिज्येवर ठेवून १४० अंशांची खूण करावी. येथे पहिली चूक होते. कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात आणि मूल चुकीची ओळ वाचून १४० ऐवजी ४० अंशांचा कोन काढते. ती ओळखण्याची खूण सोपी आहे: पायी येणारा गट सर्वांत मोठा असताना त्याची पाकळी काटकोनापेक्षा लहान दिसत असेल, तर ओळ चुकली आहे. म्हणून मोजण्याआधी 'हा कोन काटकोनापेक्षा मोठा येणार की लहान?' असे प्रत्येक वेळी तोंडाने म्हणायला लावावे.

दुसरी चूक अधिक मोठी. पहिला कोन झाल्यावर मुले कोनमापक हलवतच नाहीत आणि ९० अंशांची खूणही पहिल्याच त्रिज्येपासून करतात. साहजिकच दुसरी पाकळी पहिलीच्या आत जाते. प्रत्येक नवा कोन मोजताना कोनमापक फिरवून शून्याची रेघ नुकत्याच काढलेल्या त्रिज्येवर आणावी लागते, हे वही फिरवून दाखवावे. कोनमापक फिरवण्यापेक्षा वही फिरवणे लहान हातांना सोपे जाते.

सर्वांत लहान पाकळी शेवटी ठेवावी आणि ती काढू नये, फक्त मोजावी. उरलेली जागा २० अंशांची भरली तर सगळे बरोबर. एक-दोन अंशांचा फरक पेन्सिलीच्या जाडीने येतोच, तो मान्य करावा. पण १५ किंवा २६ आले, तर आधीच्या पाकळ्या पुन्हा तपासाव्यात. मोठी पाकळी शेवटी ठेवली तर तीच चूक १४० अंशांत लपून जाते. एखादा गट निम्म्याहून मोठा असेल, तर अर्धवर्तुळाकार कोनमापकाने तो मोजताच येत नाही. तेव्हा बाकीचे गट काढावेत आणि उरलेली जागा त्याला द्यावी. तपासणी मग कोनांच्या बेरजेने करावी.

१२. आमच्या वर्गात ४३ मुले आहेत. कोन पूर्णांकात येत नाहीत आणि बेरीज ३५९ येते. काय करावे?

हे चुकीमुळे होत नाही, पूर्णांकात आणल्यामुळे होते. सातवी 'ब'मध्ये ४३ मुले होती: पायी १४, सायकल ११, एस.टी. ८, मोटारसायकल ६ आणि रिक्षा ४. एका मुलाचा वाटा ३६० ÷ ४३, म्हणजे सुमारे ८.३७ अंश. त्यानुसार कोन अनुक्रमे ११७.२१, ९२.०९, ६६.९८, ५०.२३ आणि ३३.४९ येतात. जवळच्या पूर्णांकात ते ११७, ९२, ६७, ५० आणि ३३ होतात, बेरीज ३५९.

उरलेला एक अंश कोणाला द्यायचा? पूर्णांक करताना ज्याचा सर्वांत मोठा अपूर्णांक गाळला गेला त्याला. येथे रिक्षाचे ०.४९ गाळले गेले आहे, म्हणून रिक्षाचा कोन ३४ अंश घ्यावा. बेरीज ३६१ आली असती, तर ज्याला सर्वांत जास्त वाढवून दिले त्याच्याकडून एक अंश परत घेतला असता. काही जण हा अंश नेहमी सर्वांत मोठ्या गटाला देतात. आलेख पाहणाऱ्याला त्याने फरक पडत नाही, पण मुलाने 'का?' असे विचारल्यास पहिल्या रीतीला उत्तर आहे. आकडेमोडीत ८.३७ ऐवजी नुसते ८ घेऊन गुणाकार करणारी मुलेही आढळतात. त्यांची बेरीज ३४४ येते आणि वर्तुळात १६ अंशांची मोकळी फट राहते.

१३. टक्के लिहिले तर बेरीज १०१ येते. उत्तरपत्रिकेत हे चूक धरावे का?

धरू नये. वरच्याच वर्गाचे टक्के पूर्णांकात ३३, २६, १९, १४ आणि ९ असे येतात आणि त्यांची बेरीज १०१ होते, कारण पाचांपैकी चार गटांत संख्या वर ढकलली गेली. आलेखाखाली 'टक्के पूर्णांकात दिले आहेत, त्यामुळे बेरीज १०० पेक्षा थोडी वेगळी येऊ शकते' अशी ओळ लिहिली की पुरे. कोन मात्र टक्क्यांवरून काढू नयेत. एक टक्का म्हणजे ३.६ अंश हे खरे असले, तरी ३३ टक्क्यांवरून ११८.८ अंश येतात आणि मूळ संख्येवरून ११७.२, आधीच पूर्णांक केलेल्या संख्येला पुन्हा गुणल्याने चूक वाढते.

१४. 'यंदा घरच्या शेतात काय लावले?' याचा वृत्तालेख का काढता येत नाही?

कारण एका घराची अनेक उत्तरे असतात. यावल-रावेरकडे एकाच शेतकऱ्याच्या एका वावरात केळी आणि दुसऱ्यात कापूस असणे अगदी नेहमीचे आहे. समजा, ३६ मुलांकडून चिठ्ठीवर नाव न लिहिता उत्तरे घेतली आणि कापूस २१, मका १३, केळी ९ आणि ज्वारी ८ अशी संख्या आली. यांची बेरीज ५१ होते. प्रत्येकी १० अंशांप्रमाणे कोन काढले, तर ते ५१० अंश भरतात, म्हणजे एका वर्तुळात मावतच नाहीत.

काही मुले हुशारी करून ५१ ने भागतात आणि वर्तुळ नीट बसवतात. तेव्हा कापसाची पाकळी १४८ अंशांची येते आणि पाहणाऱ्याला वाटते की अर्ध्याहून कमी घरी कापूस आहे. प्रत्यक्षात ३६ पैकी २१, म्हणजे निम्म्याहून अधिक घरी आहे. वर्तुळ बरोबर, निष्कर्ष चूक. अशा माहितीचा स्तंभालेखच काढावा, कारण स्तंभांच्या उंचीची बेरीज कशाइतकी तरी यावी अशी अटच नसते. शीर्षकाखाली 'एका घराची एकाहून अधिक उत्तरे असू शकतात' असे लिहावे. प्रश्न ३ मधील नियम येथे लावता येत नाही, कारण 'मुख्य पीक कोणते?' असे विचारले की तो वेगळाच प्रश्न होतो.

१५. दोन वर्गांची तुलना कोणत्या आलेखाने करावी?

तुलना कशाची करायची, यावर ते अवलंबून आहे. दोन्ही तुकड्यांत पायी येणारी मुले १४ आहेत. जोडस्तंभालेखात, म्हणजे प्रत्येक साधनासाठी 'अ' आणि 'ब'चे स्तंभ एकमेकांना चिकटून काढले तर, हे दोन स्तंभ अगदी सारख्या उंचीचे येतात. दोन वृत्तालेखांत मात्र 'अ'ची पाकळी १४० अंशांची आणि 'ब'ची ११७ अंशांची येते. एक मुलगी म्हणाली, "सर, एकात चुकलंय." चुकले काहीच नव्हते. १४ ही संख्या ३६ मधून घेतली की मोठा वाटा होतो आणि ४३ मधून घेतली की लहान.

म्हणून दोन वृत्तालेख शेजारी ठेवताना प्रत्येकाखाली एकूण संख्या लिहिणे सक्तीचे करावे. 'ब'मध्ये पायी येणारी मुले कमी आहेत, असे केवळ पाकळी पाहून कोणी म्हणाले, तर ते वाक्य चूक ठरते. 'ब'मध्ये पायी येणाऱ्यांचा वाटा कमी आहे, हे वाक्य बरोबर आहे.

१६. वृत्तालेखावरून मुलांची संख्या परत काढता येते का?

एकूण संख्या माहीत असेल तर येते. कोनाला ३६० ने भागून एकूण संख्येने गुणावे. 'ब'च्या आलेखात सायकलची पाकळी ९२ अंशांची आहे. ९२ ÷ ३६० × ४३ म्हणजे १०.९९, अर्थात ११ मुले. एकूण संख्या दिलेली नसेल, तर फक्त वाटा सांगता येतो. परीक्षेत एकूण संख्येऐवजी एखाद्या एका गटाची संख्या दिलेली असते, तेव्हा आधी एका अंशाला किती ते काढून पुढे जावे.

१७. सर्वेक्षणाच्या दिवशी गैरहजर असलेली मुले आणि शून्य आलेला गट यांचे काय करायचे?

गैरहजर मुलांना दुसऱ्या दिवशी विचारता आले तर विचारावे. नाहीतर एकूण संख्या म्हणजे पटावरची संख्या न घेता उत्तर दिलेल्यांची संख्या घ्यावी. शून्याचा गट, उदाहरणार्थ 'शाळेची बस', स्तंभालेखात नावासह रिकामा ठेवता येतो आणि तो रिकामेपणाही काही सांगतो. वृत्तालेखात शून्य अंशांची पाकळी दिसत नाही, म्हणून त्याची नोंद खाली ओळीत करावी.

१८. आलेख वाचून घेताना कोणते प्रश्न विचारावेत?

'सर्वांत जास्त कोण?' हा प्रश्न एकदाच विचारावा, कारण त्यासाठी आलेख वाचावा लागत नाही, नुसता पाहावा लागतो. त्यापेक्षा 'वाहनाने येणाऱ्यांपैकी सायकलवाले किती?' असा प्रश्न घ्यावा. वाहनाने येणारे २२, त्यांत सायकलवाले ९. म्हणजे एकूण बदलला की तोच गट चौथ्या हिश्श्यावरून निम्म्याच्या जवळ जातो. किंवा 'एस.टी. बंद असेल त्या दिवशी वर्गात कमीत कमी किती मुले येतील?' असे विचारावे. २९ असे उत्तर येते, आणि 'एस.टी.वाले दुसऱ्या कशाने येऊ शकतील, सर' असे कोणी म्हटले, तर 'कमीत कमी' या शब्दाचा अर्थ त्यालाच सांगायला लावावा.

आलेखावरून काय सांगता येत नाही, हेही विचारावे. पायी येणारी १४ मुले शाळेजवळ राहतात, असे या आलेखात कोठेही नाही. त्यांच्यातील दोघे तीन किलोमीटरवरच्या वस्तीवरून शेताच्या बांधाने चालत येतात. आलेखाला फक्त त्यांचे पाय माहीत आहेत, अंतर माहीत नाही. ते हवे असेल तर दुसरे सर्वेक्षण करावे लागेल.

१९. मोबाईलवर किंवा संगणकावर तयार केलेला वृत्तालेख स्वीकारावा का?

हाताने एकदा काढून झाल्यावर स्वीकारावा. मात्र त्रिमितीय, म्हणजे जाड तबकडीसारखा तिरका दिसणारा प्रकार घेऊ नये. त्यात पुढच्या बाजूची पाकळी तिच्या कडेच्या जाडीसह मोठी भासते आणि मागची दबते. 'अ'च्या वर्गाचा आलेख तसा काढून सायकलची पाकळी पुढे आणली, तेव्हा तिचा कोन ९० अंशांचाच असूनही वर्गातील बऱ्याच जणांनी तो काटकोनाहून मोठा सांगितला. रंगांवर विसंबून न राहता प्रत्येक पाकळीवर नाव आणि संख्या लिहून घ्यावी, कारण झेरॉक्स काढल्यावर लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच करडे होतात.